कर्जाची मंजुरी अडकलेली असताना ऑर्डर कोणत्या स्थितीत ठेवावी?

जातं_आणि_दळण

नमस्कार. आमचे घरघंट्यांचे दुकान आहे आणि संकेतस्थळ वूकॉमर्सवर चालते. चेकआउटवर आम्ही कार्डाविना हप्त्यांची सोय ठेवली आहे. ग्राहक कर्ज देणाऱ्या कंपनीच्या पानावर जातो, पॅन आणि ओटीपी देतो, आणि बहुतेकांना काही मिनिटांत होकार मिळतो. अडचण आहे ती ज्यांचा अर्ज 'तपासणीत' जातो त्यांची. मागच्या महिन्यात २४,००० रुपयांच्या घरघंटीची ऑर्डर दुपारी बाराला आली. अर्ज तपासणीत गेला, आमच्याकडे ऑर्डर `Pending payment` राहिली आणि तासाभरानंतर आपोआप `Cancelled` झाली. तो शेवटचा नग होता. तीन वाजता दुसऱ्या ग्राहकाने तो यूपीआयने घेतला. पाच वाजता पहिल्याचे कर्ज मंजूर झाल्याचा संदेश आला आणि रद्द झालेली ऑर्डर उठून `Processing` मध्ये जाऊन बसली. नग एक आणि धनी दोन.

तेव्हा मंजुरी अडकलेली असताना कोणती स्थिती ठेवावी, आणि रक्कम आमच्या खात्यात जमा होईपर्यंत माल रोखून धरावा का, याबद्दल सल्ला हवा आहे.

नाममात्र

आम्हीही हप्त्यांची सोय देतो, पण असे कधी झाले नाही. पैसे काही सेकंदांत येतात आणि ऑर्डर थेट `Processing` होते. आपल्या प्लगइनमध्येच दोष असावा, तो बदलून पाहावा.

पडवीतला_प्रोग्रामर

नाममात्र, आपण क्रेडिट कार्डावरच्या हप्त्यांबद्दल बोलत आहात. तिथे बँक कार्डाची संपूर्ण रक्कम एकदम मंजूर करते आणि तिचे हप्ते नंतर बँक आणि ग्राहक यांच्यात पाडले जातात, त्यामुळे दुकानाच्या दृष्टीने तो साधाच कार्ड व्यवहार असतो. इथे मात्र ऑर्डरच्या क्षणी नवे कर्ज उभे राहते, आणि त्याला कधी पाच मिनिटे लागतात, तर कधी दुसरा दिवस उजाडतो.

मूळ प्रश्नाकडे येतो. `Pending payment` चा अर्थ वूकॉमर्सच्या लेखी 'ग्राहकाने अजून पैसे भरलेले नाहीत' एवढाच आहे. इन्व्हेंटरीच्या सेटिंगमध्ये `Hold stock (minutes)` असते, तिथे मुळात ६० लिहिलेले असते, आणि ती मुदत उलटली की अशी ऑर्डर रद्द होते. ग्राहक कंपनीच्या पानावर अर्धवट फॉर्म सोडून गेला असेल, तर ते योग्यच आहे. पण ग्राहकाने आपले काम पूर्ण केले असून आता कंपनी वेळ घेत असेल, तर ती वेगळी अवस्था आहे, आणि तिच्यासाठी `On hold` ही स्थिती आहे. तिच्यात साठ्यातून नग वजा होतो, साठ मिनिटांचा नियम लागू होत नाही आणि ग्राहकाच्या खात्यात 'पैसे भरा' हे बटण दिसत नाही. हा शेवटचा मुद्दा लहान वाटतो, पण ते बटण दिसत राहिले, तर वाट पाहून कंटाळलेला ग्राहक यूपीआयने पैसे भरतो आणि संध्याकाळी त्याचे कर्जही मंजूर होते.

मात्र ग्राहक कंपनीच्या पानावर जाताक्षणीच `On hold` करू नये, नाहीतर अर्धवट सोडलेला प्रत्येक अर्ज एकेक नग अडवून बसेल. कंपनीच्या सर्व्हरकडून 'अर्ज मिळाला, तपासणी चालू' असा संदेश आल्यावरच बदल करावा. ब्राउझर आपल्या पानावर परतला, म्हणजे मंजुरी मिळाली, असेही धरू नये. परतलेल्या पत्त्यात `status=success` कोणीही लिहू शकतो. सर्व्हरच्या संदेशाची सही तपासावी, रक्कम ऑर्डरशी जुळवावी आणि मगच पुढचे करावे:

```php
// तपासणी चालू
$order->update_status( 'on-hold', 'अर्ज कर्जदात्याकडे' );

// अंतिम होकार
$order->payment_complete( $loan_ref );
```

आपली रद्द ऑर्डर उठली, ती या दुसऱ्या ओळीमुळे. `payment_complete` रद्द झालेल्या ऑर्डरलाही पुन्हा जिवंत करते, म्हणून त्याआधी ऑर्डरची स्थिती तपासावी आणि ती `Cancelled` असेल, तर कंपनीला त्याच वेळी परतावा कळवावा.

रेवती_मिरज

मी ग्राहकाच्या बाजूने लिहिते. मी एका दुकानातून असाच हप्त्यांवर शीतकपाट घेतला होता. ऑर्डर 'होल्डवर' आहे एवढेच दिसत होते, आणि रद्द करण्याचे बटणही नव्हते. दुकानाने चार दिवसांनी साठा नसल्याचे सांगितले, पण कर्ज मंजूर झालेले असल्यामुळे पहिला हप्ता खात्यातून गेलाच. तो परत मिळवताना दुकान कंपनीकडे आणि कंपनी दुकानाकडे बोट दाखवत राहिली. त्यामुळे स्थितीचे नाव काहीही असो, पुढे काय होणार आणि केव्हापर्यंत, हे तिथे लिहिलेले असावे.

पडवीतला_प्रोग्रामर

रेवतीताईंचा मुद्दा रास्त आहे. वूकॉमर्समध्ये ग्राहकाला स्वतः रद्द करता येते ते `Pending payment` आणि `Failed` या दोनच स्थितींत, `On hold` मध्ये नाही. म्हणून ऑर्डरच्या पानावर, पेमेंटची पद्धत हप्त्यांची असेल तेव्हाच, वेगळा मजकूर दाखवावा: 'आपला कर्ज अर्ज तपासणीत आहे. नग आपल्यासाठी उद्या दुपारी बारापर्यंत राखून ठेवला आहे. अद्याप कोणतीही रक्कम आकारलेली नाही. कृपया दुसरी ऑर्डर नोंदवू नये.' आणि त्याखाली अर्ज मागे घेण्याची सोय द्यावी. यासाठी नवीनच स्थिती बनवण्याचा मोह होतो, पण साठा वजा करण्याचे काम वूकॉमर्स आपल्या ठरावीक स्थितींवरच करते, त्यामुळे नव्या स्थितीत नग मोकळाच राहतो.

हिशेबनीस

पैसे खात्यात येईपर्यंत `Processing` करू नका, असे मी सुचवणार होतो, पण त्यातही फसगत आहे. जमा होणारी रक्कम ऑर्डरइतकी कधीच नसते. २४,००० वर कंपनीचे शुल्क ३ टक्के धरले तर ७२० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १२९.६० रुपये, म्हणजे खात्यात येतात २३,१५०.४० रुपये, आणि तेही अनेक ऑर्डरी एकत्र करून एकाच यूटीआर क्रमांकाखाली. आकडा जुळला की स्थिती बदला, असा नियम लावला तर एकही ऑर्डर पुढे सरकणार नाही. अंतिम होकारावर माल पाठवावा आणि जमा झाल्याची नोंद ऑर्डरवर वेगळ्या रकान्यात यूटीआरसह ठेवावी. `Completed` हे पोचलेल्या मालासाठीच राहू द्यावे.

नाममात्र

पण रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ग्राहकाला कर्जातून बाहेर पडण्याची मुदत असते. ती संपेपर्यंत तरी माल थांबवायला हवा ना?

हिशेबनीस

मुदत असते हे खरे. मे २०२५ च्या निर्देशांत ती किमान एक दिवसाची आहे. पण त्या मुदतीत ग्राहक मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च कंपनीला परत करून कर्जातून बाहेर पडतो. त्याने आपली विक्री आपोआप मोडत नाही. ग्राहकाने वस्तूच परत केली तर परतावा आपण कंपनीला करायचा, आणि तोही लगेच, नाहीतर रेवतीताईंच्या हप्त्यासारखे होते. आपल्या करारात याविषयी वेगळे कलम आहे का, ते मात्र पाहून घ्यावे.

जातं_आणि_दळण

सर्वांचे आभार. `On hold`, वेगळा मजकूर आणि यूटीआरचा रकाना हे तिन्ही उद्यापासून करतो. नग किती वेळ राखावा, हे मात्र ठरत नाही. चोवीस तास ठेवावे म्हणतो.

पडवीतला_प्रोग्रामर

साठ्यात दहा नग असताना चोवीस तास चालतील. शेवटच्या नगासाठी मी चार तासांच्या वर जाणार नाही.

हिशेबनीस

मी उलट सांगेन. तपासणीतले किती अर्ज शेवटी मंजूर होतात, ते आपल्याच मागच्या तीन महिन्यांच्या नोंदींत मोजावे आणि मगच तास ठरवावेत. बहुतेक मंजूर होत असतील, तर शेवटचा नग आधी आलेल्या ग्राहकाचाच आहे.