‘विदाय’ की ‘बीळ्कॊडुगॆ’? सहकाऱ्यासाठी कन्नडमध्ये चार ओळींचा टोस्ट

ओसरी
आमच्या विभागातल्या मॅडम शुक्रवारी म्हैसूरला परत जात आहेत. जेवणाच्या वेळी ग्लास उंचावून अर्ध्या मिनिटाचं काहीतरी कन्नडमध्ये बोलायचं आहे. मला ती भाषा येत नाही. मी जमवलेलं वाक्य असं: ‘नम्म सहकारी मॅडमगे विदाय.’ एकाने ऐकून सांगितलं की हे श्रद्धांजलीसारखं वाटतं. खरं का? आणि ‘टोस्ट’ला मराठीत सुटसुटीत शब्द आहे का? पत्रिकेवर छापायचा आहे.

तिखटमीठ
टोस्टला टोस्टच म्हणतात की! चहात बुडवायचा. खारीशेजारच्या बरणीत असतो.

ओसरी
तो नव्हे हो. ग्लास उंचावून शुभेच्छा देतात तो.

म्हैसूरपाक
‘विदाय’ चूक नाही, पण तो बातमीतला शब्द आहे. खेळाडू निवृत्त झाला की ‘क्रिकेटिगॆ विदाय’ असं छापून येतं, आणि माणूस गेल्यावर ‘अंतिम विदाय’. समोर बसलेल्या बाईंना उद्देशून तो जड पडतो, म्हणून तुमच्या मित्राला तसं वाटलं. समारंभाचं नाव ‘बीळ्कॊडुगॆ समारंभ’. ते फलकावर लिहा, तोंडाने बोलू नका.

दुसरी अडचण ‘सहकारी’ची. कन्नडमध्ये तो शब्द सहकारी संघातला. बरोबर काम करणारा तो ‘सहोद्योगि’. पण मॅडम समोरच आहेत, तेव्हा त्यांना ‘आमच्या सहोद्योगी’ म्हणून ओळख करून द्यायची गरजच नाही.

हे घ्या. खाली ऎ, ऒ आणि त्यांच्या मात्रा ॆ, ॊ जिथे दिसतील तिथे स्वर आखूड.

ऎल्लरिगू नमस्कार.
मॅडम, निम्म जॊतॆ कॆलस माडि नमगॆ तुंबा खुषि आय्तु.
निम्मिंद बहळ कलितिद्दीवि.
होगि बन्नि, मत्तॆ सिगोण. शुभवागलि!

म्हणजे: सर्वांना नमस्कार. मॅडम, तुमच्याबरोबर काम करून आम्हाला खूप आनंद झाला. तुमच्याकडून पुष्कळ शिकलो आहोत. जाऊन या, पुन्हा भेटू. शुभ होवो! दुसऱ्या ओळीत शब्दांचा क्रमसुद्धा मराठीचाच आहे, त्यामुळे पाठ करताना शब्दावर शब्द ठेवता येतो.

कृष्णाकाठ
‘बन्नि’ कुठलं? ‘बर्री’ म्हणतात. ‘होगि बर्री’. आणि ‘तुंबा’ नाही, ‘भाळ’. ‘भाळ खुषि आत्री.’ आमच्या मिरजेच्या बाजारात रोज कानावर येतं.

म्हैसूरपाक
बेळगाव-धारवाडकडे अगदी हेच बोलतात आणि ते अस्सल आहे. पण मॅडम म्हैसूरच्या. तिकडे ‘बन्नि’, ‘तुंबा’, ‘आय्तु’. एका वाक्यात दोन्हीकडचं मिसळलं तर ऐकणारे हसतील. मॅडम हुबळीच्या असत्या तर मी तुमचंच लिहून दिलं असतं.

ओसरी
उच्चाराचं सांगा. मी मराठी वाचतो तसं वाचलं तर काय बिघडेल?

म्हैसूरपाक
तीन ठिकाणी बिघडेल.

पहिलं, शेवटचा अ. आपण ‘काम’ लिहितो आणि ‘काम्’ म्हणतो. कन्नडमध्ये तो अ गिळत नाहीत. ‘कॆलस’चा शेवट ‘स’ असा पूर्ण, ‘कॆलस्’ नव्हे. ‘सिगोण’चंही तसंच. उलट शेवटचा इ आपण नकळत ओढतो, तो तिथे आखूड हवा. ‘माडि’ची ‘माडी’ केलीत तर मराठी माणसाला वरचा मजला आठवेल आणि कन्नड माणसाला परका सूर ऐकू येईल.

दुसरं, ‘जॊतॆ’चा ज. मराठी डोळ्याला तो बैलाच्या मानेवरच्या ‘जोत’चा ज वाटतो. कन्नडमध्ये तो नेहमी ‘जीभ’मधला. ‘ज्यॊतॆ’ लिहून घ्या, म्हणजे चुकणार नाही.

तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं: आखूड आणि लांब ए-ओ. आपल्याकडे हा फरक ऐकू येतो, पण लिहीत नाही. ‘एक’मधला ए लांब, ‘एक्का’मधला आखूड. ‘पोट’मधला ओ लांब, ‘पोट्टा’मधला आखूड. कन्नडमध्ये यावर अर्थ बदलतो. ‘बॆळॆ’ म्हणजे पीक, ‘बेळॆ’ म्हणजे डाळ. आता तुमची शेवटची ओळ पाहा. ‘होगि’तला ओ लांब हवा. तो आखूड करून शेवटी ए लावलात तर ‘हॊगॆ’ होतं, म्हणजे धूर, आणि बंगळूरच्या बोलीत धूर निघणं म्हणजे माणूस खपणं. ‘विदाय’ टाळून इथे अडकू नका.

शिवाय ‘होगि’ म्हणून दम घेऊ नका. एकटं ‘होगि’ म्हणजे ‘जा’. ‘होगि बन्नि’ एका श्वासात.

तिखटमीठ
आपणही ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. तेच झालं.

म्हैसूरपाक
अगदी तेच. जाणारा म्हणतो ‘होगि बर्तीनि’, निरोप देणारा ‘होगि बन्नि’.

शुद्धलेखनिक
‘खुषि’ हा फारसी शब्द कशाला? ‘संतोष’ म्हणा. दोन्ही भाषांना शोभेल.

म्हैसूरपाक
‘संतोष आय्तु’ही चालतं. पण ‘खुषि’ घराघरांत आहे, आणि ‘संतोष’ म्हणताना मराठी माणूस शेवटचा अ गिळणारच. मला विचाराल तर पहिल्यांदा बोलणाऱ्याने ‘खुषि’च ठेवावं.

शुद्धलेखनिक
सोयीसाठी भाषा वाकवायची असेल तर काही बोलणं नाही. पत्रिकेवर ‘शुभेच्छाचषक’ छापा.

ओसरी
‘शुभेच्छाचषक’ वाचून लोक क्रिकेटचा सामना समजतील. नुसतं ‘निरोपाचे दोन शब्द’ चालेल?

कृष्णाकाठ
चालेल, आणि तो शब्द मुळात कन्नडच आहे! ‘निरूप’वरून ‘निरोप’. तसंच ‘बीळु’ म्हणजे पडणे, म्हणून ‘बीळ्कॊडु’ म्हणजे पाया पडून पाठवणे.

म्हैसूरपाक
जुन्या कन्नड लेखांत ‘निरूप’ राजाच्या आज्ञेसाठी येतो, हे खरं. पण शब्दाचा घाट संस्कृत आहे. दोन्ही भाषांनी तो तिथूनच घेतला असेल, तर कोणी कोणाला दिला? आणि ‘बीळु’चं पाया पडणं तुम्ही घरी बनवलंत. आज ‘बीळ्कॊडु’ हे एकसंध क्रियापद आहे. उच्चारताना ळ आणि क ‘ओळखीचा’मधल्या ळ-ख सारखे चिकटवा, एवढं पुरे.

कृष्णाकाठ
मग ‘निरोप घेणे’चा अर्थ जायची परवानगी घेणे असा का? आज्ञेवरूनच ना? संदेश हा अर्थ मागाहून आला.

शुद्धलेखनिक
उलटही असू शकतं. आधी सांगावा, मग परवानगी.

ओसरी
मंडळी, ‘ऎल्लरिगू’मधला शेवटचा ऊ लांब का? बाकी सगळे शेवट आखूड सांगितलेत.

म्हैसूरपाक
‘ऎल्लरिगॆ’ म्हणजे सर्वांना. त्याला ‘ही’ जोडलात की ‘ऎल्लरिगू’, अगदी सगळ्यांनाच. तो ऊ ओढायचाच. तुम्ही विचारलंत ते बरं झालं, मी वर लिहायला हवं होतं.

कृष्णाकाठ
‘निरोप’चं राहिलंच. जुन्या मराठीत तो आज्ञेच्या अर्थाने कुठे सापडतो ते कोणी तरी काढा.