डोंगरदऱ्यांचा दर्या कोण करतं? फोन, फॉन्ट की संकेतस्थळ?

पेठेतली वाचक: सदाशिव पेठेतल्या आमच्या छोट्या वाचनालयाची पुस्तकयादी आम्ही स्वयंसेवक आपापल्या फोनवरून, लॅपटॉपवरून भरतो. 'कऱ्हाड' शोधलं तर निम्मीच पुस्तकं सापडतात. शिवाय यादी संकेतस्थळावर चढवली की काही नोंदींत 'डोंगरदऱ्या'चं 'डोंगरदर्या' होतं. विश्वस्त म्हणतात, जुने फोन बदला. दोष खरंच फोनचा आहे का?

नारायण_पेठ_३०: फॉन्टचाच. दुसरं काय असणार? माझ्या जुन्या अँड्रॉइडवर 'ऱ्या'च्या जागी पाय मोडलेला ऱ आणि शेजारी सुटा या दिसायचा. नवा फोन घेतला, प्रश्न संपला. सगळ्यांनी एकच चांगला फॉन्ट वापरावा.

खिळेजुळारी: तुमच्या फोनवर झालं ते फॉन्टचंच, पण बाईंचं दुखणं वेगळं आहे. बिघाड एकाच फोनवर दिसत असेल तर फॉन्टवर किंवा अक्षरं जुळवणाऱ्या प्रणालीवर संशय घ्यावा. सगळ्याच फोनवर सारखाच रफार दिसत असेल तर मजकूरच बदललेला आहे, आणि तिथे फॉन्ट काही करू शकत नाही.

हा आडवा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात ऱ (U+0931) आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र (U+0930), हलन्त आणि एक न दिसणारा जोडक (U+200D). दोन्ही मान्य आहेत आणि दिसायला सारखेच. पण शोधयंत्र आकडे जुळवतं, चेहरे नाही. तुमच्यापैकी कोणी एका कीबोर्डवरून टंकलंय, कोणी दुसऱ्या, म्हणून निम्मी पुस्तकं. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये संशयित शब्द चिकटवून बघा:

```
[..."दऱ्या"].map(c => c.codePointAt(0).toString(16))
```

उत्तरात `931` आला तर पहिली तऱ्हा, `930` आणि `200d` आले तर दुसरी. `930` आहे आणि `200d` नाही, तर तो वाटेत कोणीतरी खाल्ला. बरीच संकेतस्थळं मजकूर 'स्वच्छ' करताना अदृश्य चिन्हं उडवतात. मग उरतो र, हलन्त, य, आणि त्याचा नियमाने रफारच होतो. म्हणूनच तुमच्या सगळ्या नोंदी बिघडल्या नाहीत, काहीच बिघडल्या.

औंधची_मेघा: माझ्याकडे ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात, मराठी दिसत नाहीत. हेच कारण का?

खिळेजुळारी: नाही, तुमच्याकडे मजकूर शाबूत आहे. पानाला `lang="mr"` लावा. फॉन्टमध्ये मराठी वळणं असतील तर येतील, नसतील तर नाही.

सर्व्हरवाला: संकेतस्थळांना झोडपणं सोपं आहे. अदृश्य चिन्हं ठेवली की दिसायला एकसारखी दोन सदस्यनावं तयार होतात, मग कोण कोणाच्या नावाने लिहितंय ते कळत नाही. मी ती उडवतो आणि उडवत राहीन. मराठी लोकांनी ऱ वापरावा. इनस्क्रिप्टवर शिफ्ट-J दाबलं की येतो.

खिळेजुळारी: सदस्यनावात जरूर उडवा. पण पुस्तकाच्या नावात का? उडवण्याआधी एक ओळ टाकली तर काही हरवत नाही:

```
s = s.normalize("NFC")
  .replace(/\u0930\u094d\u200d(?=[\u092f\u0939])/g, "\u0931\u094d")
```

य आणि ह यांच्यापुरतंच बदललंय, कारण मराठीत हा र मुख्यतः तिथेच येतो. हीच ओळ शोधपेटीत टंकलेल्या शब्दालाही लावायची, नाहीतर शोध लंगडाच राहील.

व्याकरणाचा_नाद: माझा मुळातच आक्षेप आहे. 'दरी'त साधा र, मग 'दऱ्या'त नुक्त्याचा ऱ कुठून आला? युनिकोडच्या तक्त्यात तो द्राविडी र साठी दिलाय. जोडकाची तऱ्हा मराठीला जास्त प्रामाणिक आहे. यंत्राच्या सोयीसाठी मुळाक्षर का बदलायचं?

सर्व्हरवाला: त्याच तक्त्यात त्याचं अर्धं रूप म्हणजे हा आडवा र, असंही लिहिलंय. आणि तुमचं प्रामाणिक अक्षर पहिल्याच गाळणीत मरतं.

व्याकरणाचा_नाद: गाळणी चुकीची म्हणून अक्षर बदलायचं, हे मला पटत नाही.

पेठेतली वाचक: कन्सोलमध्ये बघितलं. बिघडलेल्या नोंदींत `200d` नाहीच. आता त्या परत कशा आणायच्या? वरची ओळ चालवली, त्यांना काहीच झालं नाही.

खिळेजुळारी: होणारही नाही, ती ओळ शोधते तो जोडकच गेलाय. जुनी प्रत असेल तर तीवरून पुन्हा चढवा. नसेल तर 'दुसर्या', 'कर्हाड' असे शब्द डोळे मिटून बदला, तसे मराठीत दुसरे नाहीतच. पण 'दर्या' आणि 'आचार्यांना' एकेक वाचून ठरवावे लागतील. समुद्रावरचं पुस्तक दरीत ढकलायचं नाही, आणि मठातल्या आचार्यांना स्वयंपाकघरात पाठवायचं नाही.

नारायण_पेठ_३०: तरी मी म्हणतो, फोन बदला.