मदत हवी आहे: कथेतील संपादकाने फोटो खरा की बनावट हे कशावरून ठरवावे?

नमस्कार. सांगलीतील एका दैनिकाच्या वृत्तसंपादकावर मी कथा लिहीत आहे. शहर आवृत्ती छपाईला सोडण्यास अर्धा तास उरलेला असताना, आयर्विन पुलाजवळ पैसे घेणाऱ्या नगरसेवकाचा व्हायरल फोटो त्याच्यापुढे येतो. व्हॉट्सॲपवर फिरताना फोटोतील तारखेची व कॅमेऱ्याची नोंद सहसा गळून पडते, म्हणून तो फोटो मोठा करून पाहतो: सर्वांच्या सावल्या उजवीकडे पडल्या आहेत, म्हणजे उजेड डावीकडून आहे, तरीही नगरसेवकाच्या चेहऱ्याची फोटोत डावीकडे दिसणारी बाजूच अंधारात आहे. हनुवटीची कड पुसट आहे. पण वारंवार पाठवलेला खरा फोटोही असाच पुसट होतो. एवढ्या पुराव्यावर अनुभवी संपादक फोटो बनावट ठरवेल, की मूळ फाइल मिळेपर्यंत बातमीच रोखून धरेल? पत्रकारितेतील जाणकारांनी कृपया सांगावे.