मदत हवी आहे: दोन बाय दोनच्या तक्त्यात माझी चारही उत्तरं उलटी का येतात?

चैत्रपालवी
एमबीबीएसला आहे, पीएसएमचा सराव चाललाय. प्रश्नात दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेले २०० जण घेतलेत. प्रत्येकाची थुंकीची स्मिअर तपासणी झाली आणि कल्चरही. कल्चरचा निकाल खरा धरायचा. तक्ता जसाच्या तसा देते:

```
            स्मिअर +   स्मिअर −   एकूण
कल्चर +        ३०        २०       ५०
कल्चर −         ३       १४७      १५०
एकूण           ३३       १६७      २००
```

मी a/(a+c) वापरून सेन्सिटिव्हिटी ९०.९ टक्के काढली. स्पेसिफिसिटी ८८, पीपीव्ही ६०, एनपीव्ही ९८. उत्तरांच्या पानावर याच क्रमाने ६०, ९८, ९०.९, ८८ आहे. आकडे तेच, जागा बदललेल्या! छपाईची चूक असेल का?

दुसरा भाग: टीबीचं प्रमाण ०.५ टक्के असलेल्या १०,००० गावकऱ्यांवर हीच तपासणी केली तर पीपीव्ही किती? तपासणी तीच, म्हणून मी आधीचंच उत्तर लिहिलं. पुस्तकात १३.१ आहे. इथे पूर्ण अडकले. परवा इंटर्नल आहे, कृपया कोणीतरी समजावून सांगा.

रानवाट
सेन्सिटिव्हिटी-स्पेसिफिसिटी उभ्या रकान्यात, पीपीव्ही-एनपीव्ही आडव्या ओळीत. आम्ही हेच पाठ केलं आणि कधी चुकलो नाही. तुझं बरोबर आहे, पुस्तक चुकलंय.

जुनी_लॅब
पुस्तक बरोबर आहे. रानवाट, तुमचा नियम आजार वरच्या बाजूला लिहिलेला असेल तेव्हाच चालतो. या तक्त्यात आजार, म्हणजे कल्चर, डावीकडे आहे. परीक्षक मुद्दाम तक्ता फिरवून देतात, आणि a, b, c, d पाठ असलेली मुलं तिथेच अडकतात.

चैत्रपालवी, सूत्र बाजूला ठेव. भागाकाराच्या खाली कोण माणसं आहेत ते आधी शब्दांत लिही. सेन्सिटिव्हिटीला 'ज्यांना टीबी आहेच असे सगळे', म्हणजे ५०. त्यातले ३० स्मिअरने पकडले, म्हणून ६० टक्के. स्पेसिफिसिटीला टीबी नसलेले १५०, त्यातले १४७ निगेटिव्ह. पीपीव्हीला मात्र 'ज्यांच्या हातात पॉझिटिव्ह रिपोर्ट आहे असे सगळे'. ते ३३, आणि त्यांतले ३० खरे. खालची माणसं बरोबर निवडलीस की तक्ता कसाही फिरवू देत.

गावाचा तक्ता मात्र नव्याने मांडावा लागेल. १०,००० मध्ये ५० रुग्ण. ६० टक्क्यांनी त्यातले ३० सापडतील. उरलेले ९,९५० निरोगी, आणि त्यांतले २ टक्के, म्हणजे १९९ जण, उगाच पॉझिटिव्ह येतील. एकूण पॉझिटिव्ह २२९, खरे ३०. हेच ते १३.१ टक्के. पहिल्या तक्त्यात चौघांत एक जण रुग्ण होता, कारण ती खोकत दवाखान्यात आलेली माणसं होती. गावात निरोगी इतके जास्त आहेत की त्यांच्यातल्या थोड्याशा चुकाही खऱ्या रुग्णांना झाकून टाकतात.

दुपारची_सावली
मध्येच विचारते, माफ करा. बाबांची थुंकी निगेटिव्ह आली तरी डॉक्टरांनी एक्स-रे आणि सीबीनॅट सांगितलंय. एनपीव्ही ८८ म्हणजे बाबांना टीबी असण्याची शक्यता १२ टक्के, असंच ना?

जुनी_लॅब
नाही ताई. ते १२ टक्के या प्रश्नातल्या २०० जणांचे, आणि आकडेही सरावासाठी बनवलेले. बाबांचा ताप, वजन, घरात आधी कुणाला टीबी होता का, यावर त्यांचा आकडा वेगळा होईल. पण स्मिअर निगेटिव्ह आली म्हणून डॉक्टर थांबले नाहीत हे योग्यच आहे. स्लाइडवर जंतू दिसायला एक मिलिलिटर थुंकीत साधारण ५,००० ते १०,००० तरी लागतात. त्याहून कमी असले तर तंत्रज्ञ कितीही बारकाईने पाहो, निगेटिव्हच लिहिणार. सीबीनॅट नक्की करून घ्या.

रानवाट
माझं चुकलं, फिरवलेला तक्ता मी नीट पाहिलाच नव्हता. पण मग गावात ६० टक्के तरी कसे धरायचे? तिथले रुग्ण सुरुवातीच्या अवस्थेतले, थुंकीत जंतू कमी. सेन्सिटिव्हिटीही घसरणार ना?

जुनी_लॅब
बरोबर पकडलंत. 'सेन्सिटिव्हिटी बदलत नाही' असं शिकवतात, पण रुग्ण किती बळावलेले आहेत यावर ती हलते. पेपरात मी दिलेले ६० च धरेन आणि खाली एक ओळ लिहीन.

पाणवठा
मी पेपर तपासतो. ती ओळ लिहू नका असं मी सांगेन. न विचारलेलं लिहिताना मुलं मूळ उत्तर खोडून बसतात.

जुनी_लॅब
यावर आपलं जमणार नाही. ज्याला हे कळलंय त्याने लिहावं.

चैत्रपालवी
दोन्ही भाग न बघता पुन्हा सोडवले, जमले. गावाची एनपीव्हीही काढली: ९,७७१ निगेटिव्ह, त्यांतले ९,७५१ खरोखर निरोगी, म्हणजे ९९.८ टक्के. पण ५० पैकी २० रुग्ण तर सुटलेच! मग ९९.८ बघून तपासणी चांगली म्हणायची कशी?

जुनी_लॅब
म्हणायची नाही. कुणाचीच तपासणी न करता सगळ्यांना निगेटिव्ह लिहिलं असतं तरी ९९.५ आले असते.