वांगावरचं क्रीम बंद केलंय, पुढे काय? मदत हवी आहे

वहिनीचं वय ३४. दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर सारखेच, वेड्यावाकड्या कडांचे तपकिरी डाग आहेत, म्हणजे वांगच. हनुवटीवरचे सुटे ठिपके मात्र पुटकुळ्या आल्या तिथेच आहेत. नव्या आल्या नाहीत तर ते काही महिन्यांत फिके होतील, त्यांची काळजी नाही.

वांगासाठी तिने हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनचं क्रीम चिठ्ठीशिवाय आणून ५ महिने लावलं. आधी चेहरा उजळला. आता उन्हात आग होते, गालांवर बारीक लाल शिरा दिसतात, लवही वाढलीय. हा मोमेटासोनचा, म्हणजे स्टेरॉइडचा परिणाम. क्रीम थांबवल्यावर डाग पुन्हा गडद झाले.

सध्या साधं मॉइश्चरायझर आणि आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन चालू आहे, कारण वांग दृश्य प्रकाशानेही गडद होतं आणि बिनरंगी सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. आग पूर्ण थांबल्यावर अझेलेइक अॅसिड किती आठवड्यांनी सुरू करावं?

दुसरं, ट्रॅनेक्झामिक अॅसिडच्या गोळ्या सुचवल्या गेल्यात, पण ती गर्भनिरोधक गोळ्या घेते. त्यांनी वांग वाढू शकतं, शिवाय दोन्ही एकत्र घेतल्यास रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो. गोळ्या सोडून कॉपर-टी बसवल्यावर डाग कितपत फिकटतात? त्वचारोगतज्ज्ञ असाल तर कृपया सांगा.