रीलोडमध्ये डाव्या हाताचं आयके बंद करायचं की नाही?

कोकणी_कोडर: रीलोड सुरू झालं की एक बूलियन पलटवा, डावा हात बंदुकीवर धरून ठेवणारं आयके बंद. शेवटच्या नोटिफायला परत चालू. अनरियलमध्ये दोन मिनिटांचं काम. लोक यात आठवडा का घालवतात कळत नाही.

रिगवाली: तो आठवडा मी घातलाय, म्हणून राहवलं नाही. रीलोड अर्ध्यावर असताना खेळाडूने ग्रेनेड काढला की माँटाज तुटतो आणि शेवटचा नोटिफाय येतच नाही. मग पुढचं रीलोड पूर्ण होईपर्यंत डावा हात बंदुकीपासून चार बोटं लांब तरंगत राहतो. आम्हाला हे कित्येक दिवस सापडलं नाही, कारण टेस्टिंग करणारा मुलगा दर वेळी रीलोड पूर्ण होऊ द्यायचा.

बूलियन सोडा, अॅनिमेशनमध्येच LHandOff नावाचा कर्व्ह काढा. हात सुटतो तिथे ० वरून १, परत धरतो तिथे १ वरून ०. आणि Two Bone IK च्या अल्फाला:

```
Alpha = 1.0 - LHandOff
```

माँटाज तुटला तर त्याच्या वजनाबरोबर कर्व्हही उतरतो. मागून आवरायला काही उरत नाही.

कोकणी_कोडर: नोटिफाय स्टेट घ्या की. माँटाज तुटला तरी त्याचा शेवट येतोच. कर्व्ह कशाला?

रिगवाली: शेवट येतो, हे खरं. पण अल्फा एका फ्रेममध्ये उडी मारतो आणि हात टपकन चिकटतो. ब्लेंडला वेळ द्याल, पण तो वेळ ठरलेला. प्ले रेट १.५ केला की कर्व्ह आपोआप आखडतो, तुमचे ०.२ सेकंद तेवढेच राहतात.

सातारचा_गेमर: माझा हात रीलोड नसतानाही थरथरतो. युनिटी आहे. झटकन वळलं की डावा हात बंदुकीच्या मागे राहतो. कर्व्हने जाईल का?

रिगवाली: नाही, दादा, तुमचं दुखणं वेगळं आहे. लक्ष्याची जागा तुम्ही वर्ल्ड स्पेसमध्ये वाचताय, बहुतेक मागच्या फ्रेमची. ती उजव्या हाताच्या सापेक्ष मोजा. बंदूक त्याच हाताला जोडलेली, म्हणजे फरक कायम राहील.

अॅनिमेटर_नाशिक: मुळात बंद का करता, हा माझा प्रश्न आहे. मॅगझीनवर तळवा नेमका बसावा म्हणून मी दोन दिवस घालवते. मग प्रोग्रॅमर वरून एम ऑफसेट आणि रिकॉइल चढवतो, आयके शून्य करतो, आणि माझा तळवा मॅगझीनच्या शेजारी हवेत! चूक मात्र अॅनिमेशनची.

कोकणी_कोडर: दर वेळी प्रोग्रॅमरच दोषी का? ik_hand_l बोनवर कीफ्रेम न टाकता फाइल पाठवणारे कोण असतात? मी मागच्या प्रोजेक्टमध्ये चौदा फाइली परत केल्या.

अॅनिमेटर_नाशिक: कारण रिगच तशी दिली होती! त्या बोनला कंट्रोलच नव्हता. आम्हाला विचारलं असतं तर सांगितलं असतं.

रिगवाली: हे भांडण मी तीन स्टुडिओत ऐकलंय आणि ते व्हर्च्युअल बोनने मिटतं. स्केलेटनमध्ये hand_r पासून hand_l कडे एक व्हर्च्युअल बोन जोडा. डावा हात उजव्याच्या सापेक्ष मूळ अॅनिमेशनमध्ये कुठे होता, ते त्यात राहतं. कीफ्रेम टाकाव्या लागत नाहीत. स्लॉट आणि एम ऑफसेट झाल्यावर, ग्राफच्या शेवटी, आयकेचं लक्ष्य तो बोन. नाशिकताईंचा तळवा मॅगझीनवरच बसेल.

अॅनिमेटर_नाशिक: म्हणजे मी म्हणते तेच. कायम चालू.

रिगवाली: कायम नाही, तिथे मी अडते. आमचं रायफलचं रीलोड ३० फ्रेमच्या दराने ६६ फ्रेमचं, म्हणजे २.२ सेकंद. २० पर्यंत हात हँडगार्डवरून मॅगझीनवर जातो आणि ते उपसतो. २० ते ३८ कमरेच्या पाउचमध्ये. तिथून ५० पर्यंत नवं मॅगझीन बसवतो, मग परत हँडगार्डवर. पाउच बंदुकीला नाही, कमरेला आहे. खेळाडू ६० अंश वर नेम धरून असेल तर उजव्या हाताशी बांधलेला डावा हात पाउच सोडून छातीपाशी चाचपडतो. म्हणून कर्व्ह फक्त त्या अठरा फ्रेमांत १, आणि दोन्ही टोकांना चार-चार फ्रेमांचा उतार.

अॅनिमेटर_नाशिक: अठरा फ्रेम चालतील. पण त्या वेळी आयके नाही, आणि एम ऑफसेट कण्यावर आहे, म्हणजे अख्खा हात कण्याबरोबर वर जाणार. पाउच तरीही चुकलंच.

रिगवाली: हो, थोडं चुकतंच. नीट करायचं तर त्या अठरा फ्रेमांत लक्ष्य pelvis च्या सापेक्ष हवं, म्हणजे दुसरा व्हर्च्युअल बोन आणि दोन लक्ष्यांमध्ये ब्लेंड. आम्ही तो केला नाही. थर्ड पर्सनमध्ये पाठीमागून पाउच दिसत नाही.

अॅनिमेटर_नाशिक: समोरच्या खेळाडूला दिसतं.

कोकणी_कोडर: नोटिफाय काढून कर्व्ह टाकला. ग्रेनेडचा बग गेला, तेवढं मानतो. व्हर्च्युअल बोन मात्र लावणार नाही, माझ्या गेममध्ये ६० अंश वर बघायला काही नाहीच.

सातारचा_गेमर: उजव्या हाताच्या सापेक्ष केलं, थरथर थांबली. पण आता मनगट उलटं वळलंय?

रिगवाली: जागा घेतलीत, रोटेशन राहिलं. तेही लक्ष्यावरूनच घ्या.