मदत हवी आहे: अष्टविनायक टूरचं पत्रक फॅमिलीला कळेल असं कसं लिहू?

पुण्याहून दोन दिवसांची अष्टविनायक टूर काढतो, जुन्या पत्रकात नुसतं "दुसरा दिवस: ओझर, लेण्याद्री, महड, पाली" असं आहे, त्यावरून कोणाला कळणार की लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि तिथून महडला जायला गाडीतच चार-पाच तास जातात? आजी-आजोबांचे खरंच हाल होतात. आता प्रत्येक दिवसाखाली गाडीतले तास, चढ आणि जेवणाची वेळ लिहितोय.

खर्चाचं असं की मोठ्यांना ४,५०० आणि वेगळा बेड नको असलेल्या मुलाला ३,०००, म्हणजे आई-बाबा, आजी आणि एक मूल मिळून १६,५००, त्यावर ५ टक्के जीएसटी ८२५, एकूण १७,३२५. गाडी, मुक्काम, दोन नाश्ते आणि पहिल्या दिवसाची दोन्ही जेवणं यात आली. दुसऱ्या दिवसाचं जेवण, लेण्याद्रीचं तिकीट आणि डोली यात नाही. डोलीचा रेट तिथेच ठरतो, पण आजींना ती लागणारच, मग "समाविष्ट नाही" एवढं लिहून भागत नाही असं मला वाटतं. अंदाजे आकडा एकूण रकमेच्या खाली वेगळा दाखवू का? की त्यालाच लोक पक्का रेट समजतील? टूर काढणाऱ्यांनी आणि फॅमिली घेऊन जाणाऱ्यांनी, दोघांनीही सांगा प्लीज.